मुक्या क्लिपला आवाज देताना: तर्री-पोह्याचे आठ सेकंद

क्लिप आठ सेकंदांची. नागपुरातला सकाळचा तर्री-पोह्याचा ठेला, मागे रस्ता, मोठ्या कढईतून वर जाणारी वाफ. ठेलेवाला उलथण्याने पोहे काढतो, प्लेटमध्ये टाकतो, वरून पळीने तर्री ओततो आणि प्लेट पत्र्याच्या काउंटरवर ठेवतो. मागून एक स्कूटर डावीकडून उजवीकडे निघून जाते. चित्र एआयने बनवलेलं, आवाज शून्य.

पहिल्या खेपेला मी एका संध्याकाळी सगळे आवाज नेटवरून उतरवले. 'इंडियन स्ट्रीट' नावाची एक फाइल, प्लेटचा 'टण्', ओतण्याचा 'खळखळ', स्कूटर. सगळं फ्रेमवर बरोबर बसवलं आणि मामेभावाला दाखवलं. तो म्हणाला, "दादा, हे रेडिओवरच्या नाटकावानी वाटून राहिलं." एकही आवाज चुकीचा नव्हता. पण प्रत्येक आवाज कानाशी तोंड लावून बोलल्यासारखा होता, आणि चित्रात ठेला तर तीन मीटर लांब दिसत होता. नव्याने हे काम करणाऱ्याची बहुतेक क्लिप इथेच फसते. म्हणून या लेखात मी आवाज शोधण्यापेक्षा तो योग्य अंतरावर बसवण्यावर जास्त वेळ घालवणार आहे.

आधी क्लिप मोजून घ्या

कॉम्प्युटरवर डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ-एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती असली तरी पुरते. नुसता आवाज कापायला-जोडायला ऑडॅसिटी चालेल, पण चित्र समोर ठेवून फ्रेमवर आवाज बसवायचा तर रिझॉल्व्ह बरं. क्लिप आत घेण्याआधी तिचा फ्रेम-रेट बघा. एआयच्या क्लिप दरवेळी 24 फ्रेमच्याच असतात असं नाही, 16 फ्रेमच्याही येतात. एफएफएमपेग हे फुकटचं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर टर्मिनलमध्ये ही एक ओळ पुरते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate -of csv=p=0 poha.mp4
```

उत्तर `24/1` आलं तर सेकंदाला 24 फ्रेम. रिझॉल्व्हच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमलाइनचा फ्रेम-रेट तोच ठेवा आणि मगच क्लिप टाका, कारण एकदा क्लिप टाकली की त्या टाइमलाइनचा दर बदलता येत नाही. आवाजाचा सॅम्पल-रेट 48 किलोहर्ट्झ ठेवा.

आता क्लिप दहा-बारा वेळा नुसती बघा. मग बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे जा आणि जिथे काहीतरी कशाला तरी लागतं तिथे `M` दाबून खूण करा. माझ्या क्लिपची यादी अशी निघाली: फ्रेम 31 ला उलथणं कढईच्या काठाला लागतं आणि 58 पर्यंत घासत जातं. 77 ला पोहे प्लेटमध्ये पडतात. 102 ते 121 तर्री ओतली जाते. 138 ला प्लेट काउंटरवर टेकते, म्हणजे 5.75 सेकंदाला. स्कूटर 84 ला दिसते आणि 150 ला जाते. भट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू.

वरून शेव-कांदाही पडतो. तो मी यादीत घेतला नाही. गजबजलेल्या ठेल्यावर तीन मीटरवरून शेव पडल्याचा आवाज कोणी ऐकला आहे? दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आवाज दिला की क्लिप कार्टूनसारखी वाटायला लागते.

खूण करताना एआयच्या चित्राची एक खोड सांभाळावी लागते. खऱ्या कॅमेऱ्यात प्लेट काउंटरला टेकते ती फ्रेम स्पष्ट सापडते. एआयच्या क्लिपमध्ये ती कधी काउंटरमध्ये किंचित बुडते, कधी केसभर वर तरंगते. अशा वेळी कडा कुठे जुळल्या ते शोधत बसू नका. हाताची हालचाल ज्या फ्रेमला थांबते, ती टेकल्याची फ्रेम माना. बघणाऱ्याचा डोळा वेग थांबण्यावरूनच ठोका लागल्याचं ठरवतो. आणि तरीही दोन फ्रेममध्ये घोळ असेल तर आवाज मागच्या, म्हणजे उशिराच्या फ्रेमवर ठेवा. प्रकाश आधी आणि आवाज मागून, ही आपल्या कानाची जन्मापासूनची सवय आहे. त्यामुळे एखाद-दोन फ्रेम उशिरा आलेला आवाज खपतो, आधी आलेला मात्र लगेच खटकतो. 24 च्या दराने एक फ्रेम म्हणजे साधारण 42 मिलिसेकंद, एवढा तो खेळ आहे.

पहिला थर परिसराचा

ठोके-टाके नंतर. आधी खाली सतरंजी अंथरावी तसा परिसराचा आवाज अंथरायचा, ज्याला ॲम्बियन्स म्हणतात. हा थर नसेल तर दोन आवाजांच्या मध्ये पूर्ण शांतता पडते, आणि पूर्ण शांतता रस्त्यावर कधीच नसते.

लायब्ररीतल्या तयार ॲम्बियन्सची अडचण अशी की तो कुठला तरी दुसरीकडचाच असतो. 'मॉर्निंग स्ट्रीट' उतरवला तर त्यात परदेशी पक्षी किलबिलत असतो. 'इंडियन मार्केट' उतरवला तर दुसऱ्याच प्रांतातली भाषा ऐकू येते, आणि नागपूरच्या माणसाला ते दोन सेकंदात कळतं. म्हणून स्वतः जाऊन रेकॉर्ड करा. फोन चालतो. रेकॉर्डरमध्ये सर्वांत वरची क्वालिटी निवडा, आवाज आपोआप साफ करणारी सोय असेल तर बंद करा, फोन कठड्यावर किंवा स्कूटरच्या सीटवर ठेवा आणि हात काढून घ्या. हातात धरलेल्या फोनची खसखस नंतर काढता येत नाही. वाऱ्याची घरघर येत असेल तर माइकवर सुती रुमालाचा एक पदर बराच उपयोगी पडतो. निदान दोन मिनिटं रेकॉर्ड करा, म्हणजे त्यातून ठळक हॉर्न नसलेले वीस सेकंद निवडता येतील. आठ सेकंदांची क्लिप असताना वीस लागतात, कारण मागे-पुढे सांधायला जागा हवी.

वेळ आणि ऋतू चित्राशी जुळवा. माझ्या क्लिपमध्ये ठेलेवाल्याच्या अंगात स्वेटर होतं आणि वाफ दाट होती, म्हणजे थंडीची सकाळ. मी मात्र आधीच्या एप्रिलमधलं रेकॉर्डिंग टाकलं होतं आणि त्यात कोकिळा ओरडत होती. डिसेंबरात नागपूरला कोकिळा अशी सकाळभर गळा काढत नाही. कावळे, साळुंक्या, दुरून येणारी शाळेच्या बसची पिपाणी चालेल. उलट क्लिप मे महिन्यातल्या घराची असेल, तर कूलरची घरघर आणि गवतावर पडणाऱ्या पाण्याची टपटप नसली तर ते घर नागपूरचं वाटणारच नाही. हाच कूलर रेकॉर्डिंग करताना वैरी होतो. उन्हाळ्यात घरात काहीही टिपायचं तर पहाटे पाचला उठून, कूलर-पंखे बंद करून करावं, कारण शेजारच्यांचा कूलरही तुमच्या माइकमध्ये येतो.

ॲम्बियन्स मी टाइमलाइनच्या दोन पट्ट्यांवर ठेवतो. एकीवर लांबचं शहर: वाहनांची एकसंध गूंज, पक्षी. दुसरीवर ठेल्याच्या आजूबाजूची माणसं. या माणसांच्या गलक्यासाठी अनोळखी लोकांचं बोलणं चोरून टिपू नका. दोन मित्र आणि एखादी मावशी यांना गच्चीवर उभं करा, फोन चार मीटर लांब ठेवा आणि त्यांना ठेल्यावर बोलतात तसं बोलायला सांगा. "भाऊ, तर्री जास्त मारा", "एक प्लेट पार्सल", "चिल्लर नाही का?" शब्द अर्धेमुर्धेच ऐकू यायला हवेत. पूर्ण वाक्य कळलं की बघणारा चित्रात बोलणारं तोंड शोधायला लागतो. एआयने काढलेली तोंडं तर आधीच संशयास्पद हलत असतात.

चित्रात न दिसणारा एखादा आवाज मुद्दाम टाका, मात्र एकच. मी तिसऱ्या सेकंदाला कॅमेऱ्याच्या मागे उजवीकडे सायकलची घंटी ठेवली. चौकटीबाहेरही रस्ता आहे, हे त्या एका घंटीने कळतं.

ठोके: स्वतः वाजवा, लांबून वाजवा

चित्र बघत बघत वस्तू वाजवून आवाज टिपण्याला फोली म्हणतात. हॉलिवूडमध्ये हे काम करणाऱ्या जॅक फोली यांच्यावरून ते नाव पडलं. पोह्याच्या ठेल्याचं सगळं फोली साहित्य घरच्या ओट्यावर असतं. लोखंडी कढई, उलथणं, स्टीलची प्लेट, पळी, आणि काउंटरसाठी डब्याचं मोठं पत्र्याचं झाकण.

माझी पहिल्या खेपेची चूक इथे होती. उतरवलेले ठोके माइकपासून वीतभर अंतरावर, बंद खोलीत टिपलेले होते. इतक्या जवळून प्रत्येक बारीक खरखर ऐकू येते, आणि भोवतालच्या भिंती-जमिनीवरून परतणारा आवाज जवळजवळ नसतोच. तीन मीटरवरून ऐकताना याच्या उलट होतं. सरळ येणारा आवाज कमी होतो (मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो सुमारे 6 डेसिबलने उतरतो) आणि परतून येणारा तेवढाच राहतो. या दोघांच्या प्रमाणावरूनच कान अंतर ओळखतो. म्हणून जवळच्या ठोक्याचा नुसता आवाज कमी केला तर तो लांब जात नाही. तो जवळच राहून बारीक होतो, कोणी कानात कुजबुजल्यासारखा.

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे चित्रात जेवढं अंतर दिसतं, तेवढ्याच अंतरावर फोन ठेवून वाजवणं. मी गॅलरीत प्लेट वाजवली आणि फोन हॉलच्या दाराशी, अडीच मीटरवर ठेवला. बाथरूम टाळा. तिथल्या फरशा आवाज घुमवतात आणि तो घुमारा नंतर निघत नाही. चित्रात जागा उघडी असेल तर गच्ची, अंगण, गॅलरी. बंद असेल तर तशीच खोली.

लायब्ररीचाच आवाज वापरायची वेळ आली तर तो मागे ढकलावा लागतो. इक्वलायझरमध्ये 100 हर्ट्झच्या खालचं काढा, 8 किलोहर्ट्झच्या वरचं हळूहळू उतरवा, आणि 0.3 ते 0.5 सेकंदांचा छोटा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, अगदी थोडा मिसळा. रिव्हर्ब वेगळा ऐकू आला म्हणजे तो जास्त झाला. ठेल्यावरचे सगळे ठोके एकाच रिव्हर्बमधून पाठवा. दोन वस्तू दोन वेगळ्या खोल्यांत वाजल्यासारख्या वाटल्या तर सगळा डाव मोडतो. फ्रीसाउंडसारख्या ठिकाणाहून आवाज घेताना त्याखालचा परवानाही बघा. `CC0` असेल तर काहीही करा, `BY` असेल तर श्रेय द्यावं लागतं, आणि `NC` असेल तर दुकानाच्या जाहिरातीत तो वापरता येत नाही.

दुसरी अडचण वेगाची. एआयच्या क्लिपमध्ये माणसं पाण्याखाली असल्यासारखी थोडी सावकाश हलतात. माझ्या ठेलेवाल्याचं उलथणं 27 फ्रेम, म्हणजे सव्वा सेकंदाच्या जरा कमी वेळ घासत राहतं. खरा ठेलेवाला हेच काम अर्ध्या वेळात उरकतो. टिपलेला आवाज ताणून दुप्पट केला की तो धातूसारखा, डब्यात बोलल्यासारखा होतो. दहा-पंधरा टक्क्यांपुढे ताणू नये, असा माझा अनुभव. त्यापेक्षा चित्र समोर चालू ठेवून त्याच सावकाश गतीने उलथणं घासा. चार-पाच वेळा केलं की हात बसतो. हळू घासताना दाब थोडा वाढवा, नाहीतर आवाज पोकळ येतो.

भट्टीने मला सर्वांत जास्त रडवलं. घरच्या गॅसची शेगडी टिपली तर बारीक 'स्स' येतो, ठेल्यावरची मोठी भट्टी मात्र जाड आवाजात घोंघावते. घरचाच आवाज घेऊन त्याच्या स्वराची पट्टी चार अर्धस्वर खाली उतरवली तेव्हा भट्टी मोठी झाली. सतत चालणाऱ्या आवाजात अशी उतरण खपते, ठोक्यात खपत नाही. प्लेट खाली उतरवली की तिचं ताट होतं.

स्कूटर

एका जागी उभ्या इंजिनाचा आवाज घेऊन तो डावीकडून उजवीकडे सरकवला तर स्कूटर आगगाडीच्या खेळण्यासारखी वाटते. जाणाऱ्या वाहनाच्या स्वराची पट्टी बदलते. येताना आवाज चढा आणि जाताना उतरलेला, हा डॉप्लर परिणाम. ताशी 40 किलोमीटरने जाणाऱ्या स्कूटरसाठी ही उतरण साधारण एका अर्धस्वराची, म्हणजे सा आणि कोमल रे यांच्यामधल्या अंतराएवढी असते. हे हाताने करता येतं, पण रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं उभं राहून निघून जाणाऱ्या खऱ्या स्कूटर टिपणं त्याहून सोपं, आणि ते आयुष्यभर पुरतं. स्कूटर मधोमध येते ती फ्रेम आणि आवाज सर्वांत मोठा होतो तो क्षण, एवढं जुळवा. बाकी आपोआप बसतं.

लांबच्या गोष्टींना आणखी एक हिशेब लागतो. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. रस्त्यापलीकडे बारा मीटरवर हा उशीर एका फ्रेमहूनही कमी, तेव्हा सोडून द्या. पण क्लिपमध्ये फुटाळा तलावाच्या पलीकडच्या काठावर तीनशे मीटरवर फटाका फुटत असेल, तर त्याचा आवाज जवळपास एक सेकंद मागे हवा. विजेचंही तसंच. एआयच्या पावसाळी क्लिपवर लोक विजेच्या लखलखाटालाच गडगडाट चिकटवतात. मग वीज डोक्यावर पडल्यासारखी वाटते.

यंत्राकडून आवाज काढून घेतला तर?

व्हिडिओ बघून आवाज बनवणारी मॉडेलंही आहेत. एमएमऑडिओ हे त्यातलं खुलं मॉडेल. क्लिप द्या, दोन ओळींचं वर्णन द्या, आवाज मिळतो. दिसणाऱ्या ठोक्यांची वेळ ते बऱ्यापैकी पकडतं आणि साधारण आठ सेकंदांच्या तुकड्यावर सर्वांत चांगलं चालतं. 'हे नको' लिहायच्या रकान्यात `music, speech` टाकाच, नाहीतर मागे कुठलीही भाषा नसलेली बडबड येते. मी त्याचा आवाज घेतो, पण एकटा कधी ठेवत नाही. त्याच्या एका पट्टीत भट्टी, प्लेट, स्कूटर सगळं एकत्र शिजलेलं असतं, त्यामुळे नुसती प्लेट मागे ढकलता येत नाही. शिवाय चौकटीबाहेरचं गाव त्याला माहीत नाही. म्हणून ते अगदी हळू आवाजात खाली ठेवायचं आणि वर आपलं फोली. पैशांचं काम असेल तर अशा मॉडेलचा परवाना आधी वाचा.

मिसळण आणि तपासणी

सुरुवातीला मी प्लेटच्या ठोक्याचं शिखर उणे 12 डेसिबलला आणि ॲम्बियन्स सरासरी उणे 30 च्या आसपास ठेवतो, मग कानाने हलवतो. एकूण शिखर उणे 1 च्या वर जाऊ देत नाही. एलयूएफएस या आवाजाच्या मोठेपणाच्या मापात उणे 14 पेक्षा मोठा आवाज यूट्यूब स्वतःच खाली आणतं, तेव्हा रेटून मोठा करण्यात काही मिळत नाही. क्लिप एकापुढे एक जोडायच्या असतील तर प्रत्येक क्लिपखाली वेगळा ॲम्बियन्स ठेवू नका. कापाकापीवरून एकच पट्टी सलग जाऊ द्या. चित्र उडी मारतं, जागा मात्र तीच आहे असं कानाला वाटतं.

आवाजाने चित्राचे दोषही झाकता येतात. माझ्या क्लिपमध्ये फ्रेम 140 च्या सुमारास मागे उभा असलेला माणूस स्कूटरमध्ये विरघळतो. प्लेटचा ठोका 138 ला आहे. तो मी दोन डेसिबलने वाढवला आणि स्कूटरचा थोडा दाबला. डोळा आवाजाकडे ओढला जातो, त्यामुळे त्या क्षणी सगळे प्लेट बघतात. ज्या वस्तूत दोष आहे तिलाच ठळक आवाज देणं म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणं.

मग तपासणी. आधी डोळे मिटून ऐका: हे ठिकाण कुठलं, सकाळ की दुपार, हे कळतं का? नंतर फोनच्या स्पीकरवर लावा, कारण बघणारे तिथेच बघणार. छोट्या स्पीकरवर जाड आवाज जवळजवळ येतच नाही. माझी भट्टी फोनवर पूर्ण गायब झाली होती. घरच्या शेगडीचा मूळ 'स्स' हळू आवाजात पुन्हा मिसळल्यावर ती परतली. शेवटी तयार मिश्रण चित्राला जोडा, चित्राला हात न लावता:

```
ffmpeg -i poha.mp4 -i mix.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac -b:a 192k poha_final.mp4
```

तिसऱ्या खेपेची क्लिप मी आमच्या चौकातल्या पोहेवाल्या काकांना दाखवली. काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी फोन कानाशी नेऊन दोनदा पाहिली आणि म्हणाले, "भट्टी तर बरोबर आहे बा. पण एवढ्या फिक्या तर्रीचे पोहे कोण खाऊन राहिलं?"